इंटिग्रल न सोडवता हायड्रोजनची गतिज आणि स्थितिज ऊर्जा

(बेळगाव येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रहो, आणि खास या व्याख्यानासाठी आलेल्या शिक्षक मंडळींनो,

खानापूर, निपाणी, चंदगड अशा चहूकडून तुम्ही सकाळच्या एसटीने आलात, तेव्हा थेट मुद्द्यालाच हात घालतो. आपल्याकडच्या बी.एस्सी.च्या मुलांना हायड्रोजनच्या पायाभूत अवस्थेतली सरासरी स्थितिज ऊर्जा काढायला सांगितली, की ती वेव्ह फंक्शन लिहितात, वर्ग करतात, r² ने गुणतात आणि इंटिग्रेशनला लागतात. अर्धं पान भरतं. मग कुणीतरी हमखास विचारतं, "सर, हे इंटिग्रेशन न करता होत नाही काय?" होतं. दोन ओळींत होतं. त्या दोन ओळी खऱ्या का आहेत आणि कुठे खोट्या ठरतात, एवढंच आज बोलणार आहे.

सुरुवात साध्या यांत्रिकीपासून करू. एका कणाची जागा r, संवेग p. त्यांचा गुणाकार घ्या, G = r·p. ही राशी वेळेनुसार कशी बदलते? r बदलतो वेगाने, म्हणून एक पद मिळतं p²/m, म्हणजे गतिज ऊर्जेची दुप्पट. p बदलतो बलाने, म्हणून दुसरं पद r·F. बल हे स्थितिज ऊर्जेचा उतार, चिन्ह उलटं. तेव्हा

dG/dt = 2T − r·∇V

आता कण मर्यादित जागेतच फिरतोय, निसटून जात नाही, असं समजा. मग G सुद्धा ठराविक मर्यादेतच वरखाली होईल. G मध्ये झालेला एकूण बदल दीर्घ काळाने भागला, तर भागाकार शून्याकडे जातो. म्हणजे डाव्या बाजूची सरासरी शून्य, आणि उरतं 2⟨T⟩ = ⟨r·∇V⟩. हेच विरिअल प्रमेय. क्लाउझियसने ते 1870 मध्ये उष्णतेच्या संदर्भात मांडलं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता.

क्वांटममध्ये दीर्घ काळ थांबायची गरज पडत नाही. स्थिर अवस्थेत, म्हणजे ठराविक एकाच ऊर्जेच्या अवस्थेत, कोणत्याही राशीची सरासरी वेळेनुसार बदलतच नाही. G ची सरासरीही बदलत नाही. H आणि G यांचा कम्यूटेटर काढून पाहा. वरचीच दोन पदं पुन्हा हाती येतात. त्यामुळे समीकरण तेच राहतं, फक्त ⟨ ⟩ चा अर्थ आता क्वांटम सरासरी असा होतो.

खरी सोय पुढच्या पायरीला आहे. स्थितिज ऊर्जा अंतराच्या एकाच घाताची असेल, V = C rᵏ, तर r ने गुणून उतार काढला की तीच V परत येते, k पट होऊन. म्हणून

2⟨T⟩ = k⟨V⟩

आणि याला जोड द्यायची ⟨T⟩ + ⟨V⟩ = E ची. दोन समीकरणं, दोन अज्ञात. ऊर्जा E माहीत असली की काम झालं.

हायड्रोजनमध्ये कूलोंबचं आकर्षण, V ∝ 1/r, म्हणून k = −1. मग ⟨V⟩ = −2⟨T⟩, आणि त्यावरून ⟨T⟩ = −E, ⟨V⟩ = 2E. पायाभूत अवस्थेत E = −13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट. तेव्हा सरासरी गतिज ऊर्जा 13.6, सरासरी स्थितिज ऊर्जा −27.2. संपलं.

यातला ऋण आकडा नवख्यांना खटकतो. आपल्याकडच्या शेतातली विहीर डोळ्यांसमोर आणा. जमिनीची पातळी म्हणजे शून्य, म्हणजे अणूपासून सुटलेला, थांबलेला इलेक्ट्रॉन. स्थितिज ऊर्जेच्या हिशेबाने इलेक्ट्रॉन 27.2 खाली आहे, पण त्याच्या अंगात 13.6 इतकी गती आहे. म्हणून त्याला बाहेर काढायला 27.2 नव्हे, 13.6 एवढंच घालावं लागतं. आयनीकरणाचा जो आकडा तुम्ही बारावीत पाठ केला, तो अशा दोन आकड्यांची वजाबाकी आहे.

उत्तर बरोबर आहे का, हे वेगावरून ताडून बघता येतं. इलेक्ट्रॉनची विराम ऊर्जा 5,11,000 इलेक्ट्रॉन व्होल्ट. 13.6 ची दुप्पट करून तिने भागा आणि वर्गमूळ घ्या, 0.0073 येतात. म्हणजे वेग प्रकाशाच्या सुमारे 137 व्या भागाइतका. बोरच्या पहिल्या कक्षेतला वेगही हाच.

आता इलेक्ट्रॉन 2p मधून 1s मध्ये उतरतो तेव्हा काय होतं ते बघा, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. दुसऱ्या पातळीची ऊर्जा −3.4. तिथे गतिज 3.4, स्थितिज −6.8. खाली आल्यावर गतिज 13.6, स्थितिज −27.2. म्हणजे स्थितिज ऊर्जा 20.4 ने घटली. त्यातली निम्मी, 10.2, फोटॉन घेऊन गेला. उरलेल्या निम्म्याने इलेक्ट्रॉनची गती वाढली. अणूने ऊर्जा गमावली आणि इलेक्ट्रॉन मात्र जास्त वेगवान झाला. हे विचित्र वाटत असेल, तर k = −1 चा हा थेट परिणाम आहे हे ध्यानात घ्या.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. ⟨V⟩ कळलं म्हणजे ⟨1/r⟩ कळलं. n व्या पातळीला ते 1/(n²a₀) येतं, आणि त्यात कोनीय संवेगाचा क्वांटम अंक l कुठेच दिसत नाही. 2s मध्ये सरासरी अंतर 6a₀ आहे, 2p मध्ये 5a₀ आहे, आकार तर पूर्णच वेगळे. तरी ⟨1/r⟩ दोघांचं 1/(4a₀) च. हे इंटिग्रेशन करून सिद्ध करायला दोन वेगळी वेव्ह फंक्शन्स घ्यावी लागतात, आणि विरिअल प्रमेय त्यांच्याकडे बघतही नाही. मात्र एक सांभाळा. सरासरी अंतर घेऊन त्याचा व्यस्त करायचा नाही. 1s मध्ये ⟨r⟩ = 1.5a₀. तो V मध्ये भरला तर −18.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट येतील, −27.2 नाही. उत्तरपत्रिकेत 18.1 दिसले, की चूक कुठे झाली ते तपासणाऱ्याला लगेच कळतं.

दोलकाकडे वळू. इथे V = ½mω²x², घात 2, म्हणून ⟨T⟩ = ⟨V⟩ = E/2. प्रत्येक पातळीला ऊर्जा निम्मी-निम्मी. पायाभूत अवस्थेत E = ½ħω, तेव्हा दोन्ही बाजूंना ¼ħω. यातून ⟨x²⟩ = ħ/2mω आणि ⟨p²⟩ = mħω/2 लगेच निघतात. दोघांचा गुणाकार ħ²/4, म्हणजे अनिश्चिततेच्या नियमाने परवानगी दिलेली अगदी किमान मर्यादा. हर्मिट बहुपदी लिहायची वेळच आली नाही.

आता कुठे फसतं ते नीट ऐका. मी मघाशी "ठराविक एकाच ऊर्जेची अवस्था" म्हणालो, ते शब्द वगळून चालत नाहीत. दोलकाच्या n = 0 आणि n = 2 या दोन अवस्थांची समान सरमिसळ घ्या. सरासरी ऊर्जा 1.5ħω. विरिअल आंधळेपणाने लावलं तर V ची सरासरी 0.75ħω यायला हवी. प्रत्यक्षात हिशेब केला तर V येते ¼ħω(3 + √2 cos 2ωt). म्हणजे ती 0.40 ते 1.10ħω यांच्यात हेलकावे खाते, आणि T नेमकी उलट हलते. काळाची सरासरी घेतली तर 0.75 मिळतं, एखाद्या क्षणी मिळेलच असं नाही. गंमत अशी, की n = 0 आणि n = 1 ची सरमिसळ घेतली तर हे हेलकावे दिसत नाहीत, कारण x² त्या दोघांना जोडत नाही. तेव्हा एका उदाहरणात जमलं म्हणून नियम सगळीकडे चालतो असं धरू नका.

दुसरी अट बांधलेपणाची. मोकळ्या कणाला V = 0, मग विरिअल म्हणेल T सुद्धा शून्य. ते उघड खोटं आहे; कण दूर जात राहतो, G वाढत राहतो, आणि तो मर्यादेत राहतो हे आपलं गृहीतच कोसळतं.

तिसरी अडचण स्थितिज ऊर्जेत दोन घात असले की येते. दोलकाला x⁴ चं पद जोडा. प्रमेय खरंच राहतं, पण आता ते म्हणतं 2⟨T⟩ = 2⟨V₂⟩ + 4⟨V₄⟩. अज्ञात तीन झाले, समीकरणं दोनच. नुसत्या E वरून T आता निघत नाही. उलट हेलियममध्ये इलेक्ट्रॉन दोन असूनही सगळी बलं कूलोंबचीच आहेत, म्हणून अणूची एकूण ऊर्जा −79 असेल तर एकूण गतिज 79 आणि एकूण स्थितिज −158 इलेक्ट्रॉन व्होल्ट, हे निःशंक सांगता येतं.

शेवटी एक प्रयोग घरी करून बघा, तो मला फार मोलाचा वाटतो. हायड्रोजनचं खरं वेव्ह फंक्शन e^(−r/a₀) आहे. ते आपल्याला माहीत नाही असं समजा आणि गाउसियन e^(−αr²) घ्या. गतिज ऊर्जा α च्या पटीत वाढते, स्थितिज ऊर्जा √α च्या पटीत ऋण होते. म्हणून E = Aα − B√α. ही ऊर्जा कमीत कमी करा: Aα = ½B√α मिळतं. नीट बघा, हेच ⟨T⟩ = −½⟨V⟩ आहे. A आणि B च्या किमती न घालताच विरिअल हजर झालं! किमती घातल्या तर E येते −11.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट, T 11.5, V सुमारे −23.1. गुणोत्तर तंतोतंत बरोबर, ऊर्जा मात्र 2.1 ने चुकलेली.

याचा अर्थ असा, की विरिअलचं गुणोत्तर फंक्शनचा पसारा योग्य ताणलाय की नाही, एवढंच तपासतं. आकार बरोबर आहे का हे ते सांगू शकत नाही. गुणोत्तर बिघडलेलं दिसलं तर α चुकलाय हे नक्की. गुणोत्तर जुळलं म्हणून उत्तर बरोबर, असं मात्र म्हणता येत नाही. इथे आकाराचा दोष शोधायचा असेल तर केंद्रकाजवळ बघा: खऱ्या फंक्शनला r = 0 ला तीक्ष्ण टोक असतं आणि त्याचा उतार फंक्शनच्या −1/a₀ पट असतो, तर गाउसियन तिथे सपाट असतो. 2.1 चा मोठा वाटा त्या सपाट माथ्यात गेलाय.