मिनिटांचा हिशेब: टाइम-शेअरिंगपासून क्लाउडपर्यंत

[पडद्यावर: टंकयंत्राच्या कागदावर एकेक अक्षर उमटतं]

नोव्हेंबर १९६१. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयबीएम ७०९ या संगणकाला चार टंकयंत्रं जोडली आहेत. चौघं जण एकाच वेळी आपापलं काम करताहेत आणि संगणक आपल्या एकट्यासाठीच चालू आहे, असं प्रत्येकाला वाटतंय.

त्याआधी काम कसं चालायचं ते बघा. प्रोग्रॅम छिद्रांच्या कार्डांवर उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. तो काही तासांनी येई, कधी दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला असेल, तर गठ्ठा पुन्हा रांगेत. यंत्र महाग होतं, म्हणून ताटकळायचं ते माणसानं.

फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाच्या प्रणालीत हे उलटं केलं. माणूस विचार करतो, टाइप करतो, थांबतो. तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसऱ्याचं काम करू शकतो. हेच टाइम-शेअरिंग. त्यासाठी दोन गोष्टी यंत्रातच लागतात. पहिली म्हणजे ठरावीक वेळानं प्रोग्रॅमला मध्येच थांबवणारं घड्याळ. ते नसेल तर एखादा प्रोग्रॅम प्रोसेसर सोडतच नाही. दुसरी म्हणजे मेमरीला कुंपण, नाहीतर एकाची चूक दुसऱ्याचं काम पुसून टाकेल. पुढे आयबीएम ७०९४ या यंत्राला मेमरीचे दोन कप्पे बसवले गेले. एकात देखरेख करणारी प्रणाली, दुसऱ्यात वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम. प्रत्येक कप्पा ३२,७६८ शब्दांचा.

पाळी संपली की प्रोग्रॅम मेमरीतून उचलून बाहेर ठेवायचा आणि पुढचा आत आणायचा. या उचल-ठेवीलाही वेळ लागतो. म्हणून छोट्या प्रोग्रॅमला पाळी लवकर आणि थोडी, मोठ्याला उशिरा पण लांब. मोठा प्रोग्रॅम दर क्षणी आत-बाहेर केला, तर सगळा वेळ हमालीतच जाईल.

एक यंत्र अनेकांत वाटलं, की कोणी किती वापरलं हा प्रश्न येतोच. सीटीएसएसमध्ये प्रत्येक खात्याला प्रोसेसरची मिनिटं नेमून दिलेली असत आणि काम संपवून बाहेर पडताना वापरलेला वेळ कागदावर छापून येई. आज आपण दुसऱ्याची यंत्रं इंटरनेटवरून भाड्यानं वापरतो, त्या क्लाउडच्या बिलाचं मूळ त्या ओळीत आहे. १९६१ मध्येच, एमआयटीच्या शताब्दीच्या भाषणात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी मांडलं, की टेलिफोनसारखी संगणनाचीही सार्वजनिक सेवा होऊ शकेल.

[पडद्यावर: सर्नच्या बोगद्याचं दृश्य, मग जगाचा नकाशा]

आता थेट १९९० चं दशक. प्रश्न उलटा झाला होता. यंत्रं पुष्कळ होती, पण विखुरलेली. इयन फॉस्टर, कार्ल केसलमन आणि इतर संगणकशास्त्रज्ञांनी ती जोडण्याच्या कल्पनेला नाव दिलं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं. सर्वांत मोठं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचं. तिथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्राची माहिती एका जागी तपासणं शक्य नाही, म्हणून ती जगभरच्या केंद्रांकडे जाते. मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, हे त्यातलं एक केंद्र.

ग्रिडवर काम पाठवायचं तर आधी तुमची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लागतं. त्यावरून थोड्या मुदतीचा परवाना काढायचा. तो परवाना तुमच्या कामासोबत जातो आणि दूरच्या केंद्रात तुमच्या नावानं दारं उघडतो. ग्लोबस या सॉफ्टवेअरमध्ये ती आज्ञा अशी:

```
grid-proxy-init
grid-proxy-info -timeleft
```

नेहमीची मुदत १२ तास. आता समजा, काम दहा तास रांगेत थांबलं आणि मग तीन तास चाललं. गणित पूर्ण झालं, उत्तर तयार आहे, पण ते साठवणीत लिहायच्या वेळी परवाना संपलेला. तेरा तास पाण्यात. अशा वेळी चूक प्रोग्रॅममध्ये शोधत बसू नका. दुसऱ्या आज्ञेनं उरलेले सेकंद बघा, आणि लांबलचक कामासाठी परवान्याचं नूतनीकरण आधीच लावून ठेवा.

ग्रिडची खरी अडचण मात्र वेगळी होती. दूरचं यंत्र तुमचं नसे. त्यावर कोणती प्रणाली, कोणत्या आवृत्तीच्या लायब्ररी, हे ते केंद्र ठरवी. घरी चाललेला प्रोग्रॅम तिथे पहिल्याच ओळीला पडे. आणि वाटप चाले संस्थांमधल्या करारांवर. तुम्ही त्या समूहात नसाल, तर पैसे मोजूनही आत जाता येत नसे.

[पडद्यावर: २००६]

या वर्षी दोन कंपन्यांनी दरपत्रक लावलं. सन मायक्रोसिस्टिम्सनं एका प्रोसेसरच्या एका तासाला १ डॉलर. अॅमेझॉननं मार्चमध्ये एस-थ्री ही साठवण, १ जीबीला महिन्याला १५ सेंट, आणि ऑगस्टमध्ये ईसी-टू, एका यंत्राच्या तासाला १० सेंट. सनकडे तुमचं काम त्यांच्या सोलारिस प्रणालीवर चालायला हवं होतं. अॅमेझॉननं झेन हे सॉफ्टवेअर वापरून एका यंत्राचे अनेक आभासी भाग केले आणि प्रत्येक भाग रिकाम्या यंत्रासारखा हातात दिला. प्रणाली तुमची, लायब्ररी तुमच्या. ग्रिडची मोठी डोकेदुखी इथे सुटली. माझ्या मते स्वस्त दरापेक्षाही हे महत्त्वाचं.

न्यूयॉर्क टाइम्सनं २००७ मध्ये काय केलं ते पाहू. १८५१ ते १९२२ मधले १ कोटी १० लाख लेख वाचकांना खुले करायचे होते. प्रत्येक लेख म्हणजे स्कॅन केलेल्या चित्रांचे तुकडे, ते जोडून पीडीएफ बनवायचं. मूळ चित्रं सुमारे ४ टीबी. ती एस-थ्रीवर चढवली, ईसी-टूची १०० यंत्रं घेतली आणि २४ तासांच्या आत काम उरकलं. शंभर यंत्रं, २४ तास, १० सेंट: २४० डॉलर. एकच यंत्र घेतलं असतं तर शंभर दिवस लागले असते, आणि बिल तेच, २४० डॉलर. घाई केल्याचे जास्त पैसे पडत नाहीत, ही गोष्ट स्वतःची यंत्रं विकत घेऊन कधीच साधत नाही. नंतर पीडीएफमध्ये चूक दिसली, तेव्हा त्यांनी सगळं काम पुन्हा चालवलं.

पण त्याच दरपत्रकानं साठवणीचा हिशेब करा. ४ टीबी म्हणजे ढोबळमानानं ४,००० जीबी, गुणिले १५ सेंट: महिन्याला ६०० डॉलर. गणित एका दिवसात संपतं, साठवणीचं मीटर फिरतच राहतं. नवख्यांचं बिल बहुतेक इथेच फुगतं.

दुसरा सापळा तासाचा. त्या काळी अपुरा तासही पूर्ण धरला जाई. शंभर यंत्रं ६१ मिनिटं चालली, तर बिल २०० तासांचं. अॅमेझॉननं लिनक्स यंत्रांसाठी सेकंदावर आकारणी सुरू केली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, किमान एक मिनिट धरून.

[पडद्यावर: काळी खिडकी, तिच्यात एक ओळ]

आणि सीटीएसएसची ती पाळी? ती आजही दिसते. क्लाउडवरच्या लिनक्स यंत्रात `top` चालवा आणि वरच्या ओळींमधली ही ओळ बघा:

```
%Cpu(s): 61.0 us, 4.0 sy, 0.0 ni, 20.0 id, 0.0 wa, 0.0 hi, 0.0 si, 15.0 st
```

शेवटचा आकडा `st`. तुमचं यंत्र काम करायला तयार होतं, पण खालच्या खऱ्या प्रोसेसरनं तो वेळ दुसरीकडे दिला. इथे १५ टक्के. क्षणभर वाढून उतरला तर सोडून द्या. सतत वर राहिला आणि प्रोग्रॅम विनाकारण संथ वाटला, तर आधी यंत्राचा प्रकार तपासा. अॅमेझॉनची टी-मालिकेतली यंत्रं कमी वापराच्या वेळी जमा झालेल्या क्रेडिटवर वेगात धावतात, आणि ते संपलं की हाच आकडा चढू शकतो. अशा वेळी मोठं किंवा वेगळ्या मालिकेचं यंत्र घ्या. प्रकार तो नसेल, तर यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, म्हणजे ते बहुधा वेगळ्या खऱ्या यंत्रावर जाईल. नुसतं रीबूट केलंत, तर ते तिथेच राहतं.