चिमूटभर अक्षता

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या लग्नाला आज अकरा दिवस झाले. मी आणि माझे यजमान, दोघंही आज तुमच्यासमोर आहोत. बोलायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय. आमच्यावर अक्षता टाकणाऱ्या सगळ्यांचे आभार मानायचे आहेत.

आपल्या कोल्हापुरात लग्नाची वेळ कुणी विचारत नाही, "अक्षता किती वाजता?" असंच विचारतात. आमच्या अक्षता १२ वाजून ३५ मिनिटांनी होत्या. पण त्यांचा प्रवास महिनाभर आधीच सुरू झाला होता. पहिली पत्रिका अंबाबाईच्या पायाशी, दुसरी जोतिबाला, आणि मग घरोघरी. प्रत्येक पत्रिकेबरोबर चार दाणे दिले होते. तेच दाणे तुम्ही मुठी भरभरून परत केलेत.

अक्षत म्हणजे न मोडलेला. म्हणून आज्जीनं चार किलो तांदूळ सुपात घेऊन दोन दुपारी पाखडले आणि कणी न् कणी बाजूला काढली. नेहमीचं कुंकू तिला चालणार नव्हतं. बाजारातल्या कित्येक कुंकवांत रंग असतो. तो भरजरी शालूवर उतरतो आणि असे तांदूळ पाखरांनाही घालता येत नाहीत. म्हणून हळद घ्यायची ठरली. किलोला एक चमचा हळद आणि दोन चमचे पातळ केलेलं तूप, बस. पहिला किलो मी केला आणि घाईत वर पाण्याचा हबका मारला. तांदळाचे गोळे झाले. आज्जी म्हणाली, "मूठ झाकून बघ पोरी. हात पिवळा झाला तर तांदूळ वलं हाय. उघडल्यावर दाणं सुटं पडलं पायजेत." ते तांदूळ सावलीत धोतरावर पसरले, आणि पुढचे तीन किलो पाण्याचा थेंबही न लावता केले.

माणसं चारशेच्या आसपास आली. म्हणजे माणशी दहा ग्रॅम. ऐकायला अगदीच थोडं वाटतं, पण मंगलाष्टकाची कडवी आठ. दर कडव्याला एक चिमूट धरली तरी पुरतं. एकदम मूठभर घेतली की पहिल्या दोन "सावधान"लाच हात रिकामा होतो, आणि मग माणूस शेजाऱ्यापुढे हात पसरतो. आमच्याकडे मामी आणि आत्ती द्रोण घेऊन रांगांमधून फिरत राहिल्या, शेवटच्या खुर्चीपर्यंत. मामी, आत्ती, तुम्ही स्वतः शेवटचं कडवं उभ्यानंच ऐकलंत, हे आम्ही अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी बघत होतो.

मागच्या रांगांतून टाकलेल्या अक्षता आमच्यापर्यंत पोचत नाहीत, पुढच्यांच्या डोक्यावर पडतात. तात्यांच्या फेट्यात तर केवढ्या अडकल्या होत्या! तात्या, त्या सगळ्या आमच्याच होत्या, आम्ही त्या पोचल्याच असं धरलंय.

पहाटे चारला उठून पोळ्या लाटायला बसलेल्या गल्लीतल्या काकू, पंगतीत वाढणारी पोरं, सगळ्यांना मनापासून नमस्कार. आणि थकव्याचं म्हणाल, तर सप्तपदीची सात पावलं आम्ही हसत टाकली. आठवं पाऊल टाकायला मात्र दोन दिवस लागले, कारण अख्खं घर, पाहुण्यांसकट, मिळेल त्या सतरंजीवर घोरत होतं!

कार्यालयातल्या मावशींनी झाडून गोळा केलेले तांदूळ आम्ही मागून घेतले, चाळले आणि गच्चीवर टाकले. सकाळी चिमण्या येतात. ज्यांच्या चिमटीतून ते पडले, त्यांना हे कळावं म्हणून सांगतेय.

एक मूठ मात्र आज्जीनं लग्नाआधीच पुरचुंडीत बांधून ठेवली होती. यजमानांच्या आत्याआज्जी गगनबावड्याला असतात. गुडघ्यांमुळं त्यांना पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा प्रवास झेपला नाही. परवा आम्ही ती पुरचुंडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाटलं, पाया पडू, त्या डोक्यावर दाणे टाकतील. पण त्यांनी लेकाला हाक मारली, "उपरणं आण." लेकानं आणि सुनेनं आमच्या मध्ये उपरणं धरलं. आत्याआज्जींना एकच कडवं येत होतं, तेही अर्धं. तेच त्यांनी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा थरथरत्या हातानं अक्षता टाकल्या, आणि मग म्हणाल्या, "आता झालं माझ्या डोळ्यांसमोर लगीन. बसा, च्या ठेवते."