अंगठा वर, कमान वर

(दृश्य : काचेवर उभी पावलं, कॅमेरा खालून)

ही पावलं एका मुलीची आहेत. ती काचेवर उभी आहे आणि आपण खालून बघतोय. आतल्या बाजूला जिथे काच मोकळी दिसायला हवी, तिथेही कातडी टेकलेली आहे. 'सपाट पाय' असा शिक्का मारायला लोकांना एवढं पुरतं.

आता अंगठ्याकडे बघा. मुलगी नुसती उभी आहे, तिचा अंगठा दुसरंच कुणीतरी हाताने वर उचलतंय. काचेला चिकटलेली कातडी सुटू लागली. कमान उभी राहिली, आणि नडगीसुद्धा किंचित बाहेर वळली. याला जॅकची चाचणी म्हणतात. हा पाय सपाट दिसतो, पण त्याची कमान हरवलेली नाही.

(दृश्य : हाडांचा सांगाडा, तळाशी दोरी)

टाचेच्या हाडाखालून एक चिवट पट्टा निघतो, प्लांटार फॅशिया. पुढे त्याचे पाच पदर होतात. प्रत्येक पदर चवड्याच्या हाडाच्या गोल टोकाखालून जातो आणि बोटाच्या बुडाशी घट्ट बसतो. बोट वर वळलं की पदर त्या गोलाभोवती गुंडाळतो. पट्टा फारसा ताणला जात नाही, त्यामुळे टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि मधली हाडं वर उचलली जातात. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली याची तुलना विंडलासशी केली, म्हणजे नांगराचा दोर गुंडाळणाऱ्या रहाटाशी.

अंगठ्याखालचा गोल सगळ्यांत मोठा. त्याची त्रिज्या १५ मिलिमीटर धरली आणि अंगठा ४० अंश वळला, तर साधारण १० मिलिमीटर दोर गुंडाळला जातो. दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच, पण कमान उचलायला तो पुरतो.

(दृश्य : चालणं, संथ गतीत, बाजूने)

चालताना बोटं कुणी उचलत नाही. ती जमिनीवरच राहतात, टाच उठते आणि पाऊल बोटांवरून पुढे कलतं. सांध्याच्या दृष्टीने गोष्ट तीच, रहाट फिरला. पोटरी टाचेला वर ओढत असताना पाऊल मध्येच खचत नाही. धावताना कमान आधी दबते, मग सुटते.

मात्र पट्टा एकटा नाही. २०१८ च्या एका प्रयोगात बोटं वर धरून पायावर भार दिला, तेव्हा कमान जास्त ताठ होण्याऐवजी उलट जास्त दबली. पाऊल रेटताना लागणाऱ्या ताठपणात तळव्याच्या छोट्या स्नायूंचाही वाटा असतो.

अंगठ्याचा सांधा आखडला की रहाट अडतो आणि चाल बदलते.

(दृश्य : पुन्हा काच, दुसरं पाऊल)

हा दुसऱ्या माणसाचा पाय. अंगठा वर गेला. काचेवरची कातडी आहे तिथेच आहे.