एकाच बोर्डावर दोघं, आणि दोघंही तोच

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो]

साधारण १८९१ मधला हा फोटो. चित्रकार तुलूझ-लोत्रेक चित्र काढतोय, आणि समोर बसलेलं मॉडेलही तुलूझ-लोत्रेकच आहे. फोटो घेतला त्याचा मित्र मोरिस गिबेर यानं. त्या काळात असे फोटो काढायची एक सोपी रीत होती. भिंगाचा अर्धा भाग झाकायचा आणि उरलेल्या अर्ध्यातून कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर एक प्रतिमा घ्यायची. मग माणसानं जागा बदलायची, झाकण दुसऱ्या बाजूला फिरवायचं आणि त्याच प्लेटवर दुसरी प्रतिमा घ्यायची. अट एकच: माणसानं मधली रेघ ओलांडायची नाही. त्याच्या सावलीनंही नाही.

आज आपण ती रेघ ओलांडणार आहोत.

[दृश्य: गच्ची, कॅरम बोर्ड, तिरकं ऊन]

मार्च महिना, साडेचारचं ऊन. गच्चीवर एक तरुण स्वतःशीच कॅरम खेळणार आहे. डावीकडचा तो स्ट्रायकर मारतोय, उजवीकडचा तो मांडी घालून, हनुवटीवर हात ठेवून बघतोय. ऊन डावीकडून येतंय. सूर्य क्षितिजापासून तीसेक अंश वर आहे, त्यामुळे बसलेल्या माणसाची सावली जवळपास दीड मीटर लांब पडते. म्हणजे डावीकडच्याची सावली अख्खा बोर्ड ओलांडून समोरच्याच्या गुडघ्यांवर चढते.

सगळी अडचण त्या गुडघ्यांवर आहे. उजवीकडच्या जागेचा फोटो घेताना डावीकडची जागा रिकामी असते, म्हणून गुडघ्यांवर लख्ख ऊन पडतं. दोन फोटो जोडले की सावली बोर्डाच्या कडेला येऊन तुटते. बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या डोळ्याला लगेच जाणवतं.

[दृश्य: ट्रायपॉड, कॅमेऱ्याचा मागचा पडदा]

आधी कॅमेरा. ट्रायपॉड घट्ट लावलेला, मोड मॅन्युअल, f/8, शटर १/२५०, आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स उन्हावर कायम केलेला आणि फोकस हातानं लावलेला. यातली एकही गोष्ट कॅमेऱ्यावर सोडली, तर दोन फोटोंमधली फरशी वेगवेगळ्या रंगाची येते.

मग पहिला फोटो: तरुण डावीकडे. तो उठतो आणि उजवीकडे जाऊन बसतो. डावीकडे आता त्याचा मावसभाऊ येतो, त्याच अंगलटीचा, तसाच पांढरा शर्ट घातलेला. तोही स्ट्रायकरवर तसाच वाकतो. दुसरा फोटो घेतला जातो. या भावाचा चेहरा शेवटी कुणालाच दिसणार नाही. त्याचं काम ऊन अडवायचं आणि समोरच्या गुडघ्यांवर खरी सावली पाडायची, एवढंच. त्याच्या पांढऱ्या शर्टावरून परतलेला थोडा उजेडही समोरच्याच्या अंगावर येतो, तो वेगळाच फायदा.

हे सगळं चटकन उरकायला हवं. या उन्हात पंधरा मिनिटांत ही सावली वीतभर लांबते.

[दृश्य: संगणकाचा पडदा, दोन थर]

संगणकावर दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे आणि वरच्या थराला मास्क लावायचा, म्हणजे त्याचा नको तो भाग झाकून खालचा दिसू द्यायचा. डावा खेळाडू आणि बोर्डावर पडलेली त्याची सावली पहिल्या फोटोतली. उजवा खेळाडू आणि त्याच्या गुडघ्यांवरची सावली दुसऱ्या फोटोतली. जोड बोर्डाच्या उजव्या लाकडी कडेवरून न्यायचा. तिथं सावली तशीही बोर्डावरून खाली उतरते, मोडते. दोन्ही सावल्यांत बोटभर फरक असला तरी तो त्या मोडीत लपतो.

आता प्रश्न येतो: भावाला कशाला बसवायचं, सावली रंगवून का नाही टाकायची?

[दृश्य: गुडघ्याचा जवळून फोटो]

तशी रंगवून बघूया. काळा रंग घेतला, थराचा मोड Multiply केला आणि ब्रश फिरवला. पँटचा उन्हातला भाग बरा दिसतो, पण चुण्यांमध्ये आणि मांडीखाली काळे डाग पडले. का? तिथं ऊन आधीच पोचत नव्हतं. सूर्य एकच आहे. गुडघ्यानं जे ऊन अडवलं, ते समोरच्या माणसाला पुन्हा अडवता येत नाही. खऱ्या उन्हात एका सावलीवर दुसरी पडली म्हणून ती दुप्पट गडद होत नाही. Multiply मात्र दोन्ही अंधार एकमेकांत गुणतो.

म्हणूनच एकाच जागी घेतलेल्या दोन फोटोंमधल्या फरशीवरच्या सावल्या एकत्र आणायच्या असतील, तर Darken वापरावा. तो प्रत्येक ठिकाणी दोन्हींपैकी जास्त गडद असेल तेवढंच ठेवतो, आणि कडक उन्हाचा हिशेब जवळपास तसाच असतो.

रंगवलेली सावली आणखी दोन ठिकाणी पकडली जाते. उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा उजेड असतो, त्यामुळे ती काळी नसते, निळसर असते. आणि तिची कड सगळीकडे सारखी नसते. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावली पाडणारी वस्तू जितकी दूर, तितकी कड पसरट: दर मीटरला साधारण एक सेंटीमीटर. बोर्डाला टेकलेल्या बोटांची सावली रेखीव येते, गुडघ्यावर पोचलेली डोक्याची सावली मऊ.

[दृश्य: गच्चीवर ढगाची सावली]

दोन फोटोंच्या मध्ये पातळ ढग आला, तर हे सगळं वाया जातं, कारण उजेड आणि सावलीची कड दोन्ही बदलतात. अशा वेळी संगणकावर झगडत बसू नये. ढग सरेपर्यंत थांबावं आणि दोन्ही फोटो पुन्हा घ्यावेत. आधीचा पहिला फोटो नव्या दुसऱ्याशी जोडू नये. मावसभाऊ नसेल तर स्टुलावर उशा रचून त्यांच्यावर शर्ट चढवला आणि वर डोक्याएवढी घागर ठेवली, तरी गुडघ्यांवरची सावली मिळते. फक्त स्ट्रायकर मारणाऱ्या हाताची सावली पहिल्या फोटोतून घ्यावी लागते, आणि ती बोर्डावरच संपेल अशी पोझ आधीच ठरवावी लागते.