शेवटचा विस्तव कधी लागला?

(दृश्य : पहाटेचा बर्फाचा कारखाना. हौदावरच्या लाकडी फळ्या उचलल्या जात आहेत.)

मे महिन्याच्या दुपारी एसटी स्थानकाबाहेर उसाच्या रसाचा जो पेला आपण हातात घेतो, त्यातील बर्फ आदल्या दिवशी अशाच एखाद्या कारखान्यात तयार झालेला असतो. येथे खाऱ्या, गोठणबिंदूच्याही खाली थंड केलेल्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले असतात आणि त्या डब्यांत भरलेले पाणी हळूहळू, जवळजवळ अख्खा दिवस घेऊन गोठते. मग डबा वर उचलून क्षणभर साध्या पाण्यात बुडवतात, म्हणजे कडा सुटतात आणि बर्फाची लादी घसरत फरशीवर येते. त्याच फरशीवरून कामगारांची ये-जा चालू असते.

येथून पुढचा प्रवास टेम्पोतून होतो. लादी गोणपाटात गुंडाळली जाते, रसवंतीच्या दारात उतरवली जाते, तेथे पाण्याने वरवर धुतली जाते आणि हातोड्याने फोडली जाते. पेल्यात पडणारा खडा म्हणजे मूळचे पाणी, कारखान्याची फरशी, गोणपाट आणि फोडणाऱ्याचा हात या सर्वांचा एकत्रित अंश असतो.

गोठल्यामुळे पाणी निर्जंतुक होत नाही, ही गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. गोठताना काही जंतू मरतात, परंतु विषमज्वराचे आणि जुलाबाचे जंतू, तसेच पोटाचे आजार देणारे विषाणू, बर्फात तग धरून राहतात आणि बर्फ वितळला की पेयात मोकळे होतात.

महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात, म्हणजे मासळी किंवा इतर माल थंड ठेवण्यासाठी केलेल्या बर्फात, निळा रंग मिसळणे उत्पादकांवर बंधनकारक करण्यात आले. त्यामुळे सरबताच्या गाडीवर निळसर बर्फ दिसला, तर तेथे थांबू नये हे स्पष्ट आहे. मात्र बर्फ रंगहीन आहे, एवढ्यावरून तो खाण्याजोगा आहे असे ठरत नाही. लादी काचेसारखी स्वच्छ दिसणे हीदेखील खात्रीची खूण नाही, कारण मधला पांढरटपणा मुख्यतः अडकलेल्या हवेमुळे येतो आणि जंतू तर डोळ्यांना दिसतच नाहीत.

(दृश्य : कलिंगडाच्या फोडींची परात. खाली बर्फ, वर माशा.)

हाच बर्फ कापलेल्या फळांच्या खालीही असतो. परात गार दिसते, परंतु गारवा तळापुरता असतो. वरच्या फोडी उन्हातच असतात आणि वितळलेले पाणी खालच्या फोडींत मुरत जाते.

कलिंगड आणि पपई यांच्याबाबतीत विशेष सावध राहावे लागते. लिंबू किंवा अननसासारखा आंबटपणा यांच्यात नसतो, त्यामुळे गोड आणि पाणीदार गरावर जंतूंना वाढण्यास अडथळा राहत नाही. कलिंगड जमिनीवर वाढते, ट्रकमधून येते, फुटपाथवर रचले जाते, आणि न धुतलेल्या सालीवरून सुरी फिरली की सालीवरची घाण थेट गरात ओढली जाते.

साधा हिशेब करून पाहू. सकाळी नऊ वाजता कापलेल्या एका फोडीवर केवळ दहा जंतू आले आणि दुपारच्या उष्णतेत त्यांची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होत गेली, असे धरले, तर दुपारी दोन वाजता त्याच फोडीवर दहा हजारांहून अधिक जंतू असतील. प्रत्यक्षात ही वाढ कधी याहून मंद तर कधी वेगवान असते, परंतु सकाळची फोड आणि दुपारची फोड एकसारखी नसते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. वर भुरभुरलेल्या मिठाने किंवा चाट मसाल्याने ती सुरक्षित होत नाही.

(दृश्य : वडापावची गाडी. तीन डबे, एक उकळती कढई.)

चटण्यांना मात्र एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. वड्यासोबतची लसणाची सुकी चटणी कोरडी असते, आणि ओलावा नसल्यामुळे तिच्यात जंतूंची वाढ होत नाही. चमचा ओला नसला, म्हणजे झाले. चिंच-गुळाची चटणी आंबट असते आणि उकळून केलेली असेल, तर तीही बऱ्यापैकी टिकते. मात्र ती दाट झाल्यावर गाडीवर पाणी घालून सारखी करतात, आणि तेथे उकळण्याचा सगळा लाभ निघून जातो.

हिरवी चटणी ही खरी अडचणीची आहे. कोथिंबिरीच्या पानांत आणि देठांत माती अडकलेली असते, ती कच्चीच वाटली जाते, आणि वाटताना घातलेले पाणी कोठले होते हे खाणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. लिंबाचा आंबटपणा वाढीला काहीसा आळा घालतो, परंतु आधीच आलेले जंतू त्याने संपत नाहीत. ओल्या खोबऱ्याची चटणी त्याहूनही लवकर आंबते. सकाळच्या इडलीबरोबर ती एक वेळ ठीक, परंतु दुपारी उरलेली चटणी घेऊ नये.

येथे विक्रेत्याला दोष देऊन भागत नाही, असे आम्हाला मनापासून वाटते. ज्या गाडीला नळ नाही आणि दिवसाचे सारे धुणे दोन बादल्यांत उरकावे लागते, तेथे काळजी घेणाऱ्या माणसाचेही हात बांधलेले असतात.

(दृश्य : स्थानकावर बस थांबते. दोन मुलांसह एक कुटुंब उतरते.)

या कुटुंबाजवळ वीस मिनिटे आहेत आणि मुलांना भूक लागली आहे. प्रत्येक गाडीसमोर त्यांनी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : या पदार्थाला शेवटचा विस्तव कधी लागला, आणि त्यानंतर त्याला पाणी किंवा हात लागला का? समोर कढईतून निघालेला वडा सुक्या चटणीसह घ्यावा. सकाळी तळून रचून ठेवलेला नको. उकळलेला चहा मोठ्यांना चालेल. भाजलेले कणीस उत्तम, परंतु त्यावर फिरवले जाणारे लिंबू दिवसभर त्याच तिखट-मिठात बुडालेले असते, म्हणून कणीस तसेच मागावे. फळ हवे असेल, तर केळी किंवा मोसंबी घेऊन स्वतः सोलावी. शहाळे समोर फोडून घ्यावे आणि पाणी पेल्यात न ओतता त्यातूनच प्यावे. नळी घ्यायचीच असेल, तर वेष्टनातली घ्यावी. रसाचा आग्रह असेल, तर बर्फाविना मागावा आणि उसाबरोबर चरकात बर्फ घातला जात नाही ना, हे पाहावे. त्याने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण चरक आणि ऊस धुण्याचे पाणी तेच असते.

(दृश्य : घर. भिंतीवरील दिनदर्शिका.)

एवढे करूनही कधी पोट बिघडते, आणि तेव्हा दोष बहुधा शेवटच्या जेवणाला दिला जातो. काही विषबाधा दोन-चार तासांत उलट्या घडवतात, परंतु प्रवासातील जुलाब अनेकदा एक ते तीन दिवसांनी सुरू होतात, आणि विषमज्वराचा ताप एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा येतो. जुलाब सुरू होताच जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात मिसळून थोडी थोडी पाजत राहावी. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा ताप उतरेनासा झाला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आणि डॉक्टरांना आजची लक्षणे सांगताना महिन्याभरातील प्रवासाच्या तारखा आणि वाटेत खाल्लेले पदार्थही सांगावेत.