लॅच कॉन्टॅक्टरलाच सांभाळू द्या

सुरुवात माझ्याच हातून जळलेल्या एका मोटरपासून करतो. पंपाची मोटर, 3.7 किलोवॅट, नेमप्लेटवर साडेसात अँपिअर. कॉन्टॅक्टर होता, त्याच्याखाली थर्मल ओव्हरलोड रिले होता, आणि चालू-बंद करायला मी मायक्रोकंट्रोलरची एक पिन दिली होती. पिन चालू केली की छोटा रिले ओढायचा, त्यातून कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सप्लाय मिळायचा. पिन बंद, मोटर बंद. वायरिंग इतकं सुटसुटीत की मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

एका रात्री पंपाचं बेअरिंग घट्ट झालं आणि मोटर अकरा अँपिअरच्या आसपास घ्यायला लागली. ओव्हरलोड रिलेने आपलं काम केलं, ट्रिप झाला. पण त्यावरचा रिसेटचा खटका ऑटोवर होता. आतल्या पट्ट्या निवल्यावर त्याचा कॉन्टॅक्ट आपोआप जुळला. माझी पिन तर चालूच होती, कारण मोटर थांबल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला, मोटर गरम असतानाच पुन्हा स्टार्टिंग करंट, पुन्हा ट्रिप. पहाटे वाइंडिंगचा वास आला. माझ्या नोंदीत मात्र रात्रभर एकच ओळ होती, ‘मोटर चालू’.

आता साधा स्टार्टर आठवा, हिरव्या आणि लाल बटणाचा. हिरवं बटण क्षणभर दाबायचं आणि सोडायचं. कॉन्टॅक्टर ओढला की त्याचाच सहायक कॉन्टॅक्ट, 13 आणि 14 नंबरचा, हिरव्या बटणाला समांतर जुळतो आणि कॉइलचा सप्लाय धरून ठेवतो. यालाच आपण होल्डिंग म्हणतो, लॅच म्हणतो. लाल बटणाने, ओव्हरलोडने किंवा वीज गेल्याने एकदा का ही साखळी तुटली की होल्डिंग सुटतं आणि पुन्हा कुणीतरी मुद्दाम हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर चालू होत नाही. माझ्या वायरिंगमध्ये मी नेमकी ही स्मृती काढून टाकली होती आणि तिच्या जागी एक सतत चालू राहणारी पिन बसवली होती. पिनला बाहेर काय घडलं याची आठवण नसते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की लॅच लोखंडातच राहू द्यावं आणि मायक्रोकंट्रोलरने फक्त बोटाचं काम करावं. त्याला दोन छोटे रिले द्या. एकाचा एरवी उघडा असणारा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर, दुसऱ्याचा एरवी जुळलेला कॉन्टॅक्ट लाल बटणाच्या सिरीजमध्ये. कंट्रोल फ्यूजपासून निघालेली वायर आधी ओव्हरलोडच्या 95 आणि 96 मधून जाते, मग लाल बटण, मग स्टॉपचा रिले, मग हिरवं बटण आणि त्याला समांतर असलेले 13-14 व स्टार्टचा रिले, आणि शेवटी कॉइलच्या A1 वर. A2 न्यूट्रलवर. इमर्जन्सी स्टॉप असेल तर तोही याच साखळीत सिरीजमध्ये. मायक्रोकंट्रोलरमार्फत अजिबात नाही. प्रोग्राम अडकला तरी 95-96 उघडल्यावर कॉइल सुटलीच पाहिजे.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: मायक्रोकंट्रोलर मेला तर मोटर चालूच राहील की! राहील. स्टॉपचा रिले ओढल्यावर मोटर थांबवतो, त्यामुळे कंट्रोलर बंद पडला तर मोटर हाताच्या बटणांवर चालत राहते. काही ठिकाणी हेच हवं असतं, उदाहरणार्थ थंड पाणी फिरवणारा पंप. पण टाकी भरून वाहणार असेल, तर उलट करा: त्याच जागी एरवी उघडा असणारा कॉन्टॅक्ट घाला आणि कंट्रोलर जिवंत असेपर्यंतच तो रिले ओढून ठेवा. कंट्रोलर गेला की परवानगी गेली. यातलं कोणतं घ्यायचं ते भार पाहून ठरतं, सर्किट पाहून नाही.

लॅचची एक खोड मात्र आहे, आणि ती बहुतेकांना पहिल्या दिवशीच भेटते. होल्डिंग धरलं जायला फार वेळ लागत नाही. छोटा रिले साधारण दहा मिलिसेकंदांत ओढतो, कॉन्टॅक्टर आणखी वीस-तीस मिलिसेकंदांत. म्हणजे कंट्रोलर सुरू होताना पिन पन्नास मिलिसेकंद भरकटली, तरी मोटर सुरू होऊन बसते आणि सुरूच राहते. बाजारातली बरीच रिले मॉड्यूल इनपुट शून्यावर आल्यावर ओढणारी असतात. अशा मॉड्यूलच्या स्टार्ट पिनवर बाहेरून दहा किलोओहमचा रेझिस्टर लावून ती वर खेचून ठेवा, आणि प्रोग्राममध्ये पिनला आउटपुट करण्याआधी तिची पातळी ठरवा:

```
digitalWrite(START_PIN, HIGH);
pinMode(START_PIN, OUTPUT);
```

क्रम उलटा केलात तर मधल्या क्षणात पिन शून्यावर असते.

आता परतीची खबर. दोन गोष्टी कळायला हव्यात: कॉन्टॅक्टर खरंच ओढलाय का, आणि ओव्हरलोड ट्रिप झालाय का. पहिलीसाठी कॉन्टॅक्टरवर आणखी एक सहायक कॉन्टॅक्ट लावा. होल्डिंगचा 13-14 त्यासाठी उधार घेऊ नका, तो कॉइलच्या व्होल्टेजवर आहे. दुसरीसाठी ओव्हरलोड रिलेवर 97-98 असतो, ट्रिप झाल्यावर जुळणारा. इथे मात्र रिले हातात घेऊन नीट बघा. काही रिलेंवर चार स्वतंत्र टर्मिनल असतात, तर काहींवर तीनच, 95, 96 आणि 98, म्हणजे 95 दोघांना सामाईक. अशा रिलेवर 98 ला ट्रिपच्या वेळी कॉइल सर्किटचाच फेज येतो. ती वायर थेट इनपुट बोर्डावर नेली तर पहिल्या ट्रिपलाच बोर्ड जाईल, आणि बोर्ड हातात असेल तर त्याहून वाईट होईल. तिथे 98 वर 230 व्होल्ट कॉइलचा एक मधला रिले लावायचा आणि त्याचे कोरडे, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज नसलेले, कॉन्टॅक्ट वापरायचे.

कॉन्टॅक्ट कोरडे असले तरी त्यांना कंट्रोलरचे पाच किंवा तीन व्होल्ट देऊ नका. पॅनेलमधले हे कॉन्टॅक्ट चांदीचे असतात, त्यांच्यावर काळपट थर चढतो आणि तो फोडायला थोडं व्होल्टेज आणि थोडा करंट लागतो. टेबलवर सगळं छान चालतं आणि सहा महिन्यांनी ट्रिप कधी दिसतो, कधी दिसत नाही. 24 व्होल्ट डीसी कॉन्टॅक्टमधून न्या, पुढे 2.2 किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आणि PC817 सारखा ऑप्टोकपलर. साधारण दहा मिलिअँपिअर वाहतात, कॉन्टॅक्ट स्वच्छ राहतो आणि पॅनेलमधला गोंगाट कंट्रोलरपर्यंत पोचत नाही.

गोंगाटावरून आठवलं. मोटर थांबताना कंट्रोलर रिसेट होतो अशी तक्रार आली की मी आधी कॉइल बघतो. एसी कॉइल सुटताना जो उसळता व्होल्टेज निघतो त्याला वाट हवी: शंभर ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा X2 कपॅसिटर सिरीजमध्ये, आणि तो थेट A1-A2 वर. पुष्कळ जण तो रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावतात. तिथे तो रिले उघडा असतानाही 230 व्होल्टला सात मिलिअँपिअर गळू देतो, आणि छोटा कॉन्टॅक्टर मग गुणगुणत राहतो किंवा सुटायला कुचराई करतो.

आता निर्णयाचा भाग. स्टार्टचा पल्स अर्धा सेकंद द्या आणि सोडा. तोवर सहायक कॉन्टॅक्ट जुळला नसेल तर परत पल्स देऊ नका; कॉइल तुटली असेल, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला असेल, ओव्हरलोड आधीच ट्रिप असेल. चालू मोटर मधेच सुटली, तर कारण शोधायचं. इथे घटनांचा क्रम कामी येतो. ट्रिपच्या झटक्यात 95-96 उघडतो आणि 97-98 जुळतो, कॉन्टॅक्टर मात्र थोड्या वेळाने सुटतो, आणि दोन्ही कॉन्टॅक्ट थोडे थरथरतात. सहायक कॉन्टॅक्ट गेल्या क्षणीच निकाल लावला तर चुकू शकतो. मी दोनशे मिलिसेकंद थांबतो:

```
if (state == RUNNING && !auxOn() && millis() - auxLostAt > 200) {
  if (tripOn()) state = TRIPPED;
  else          state = STOPPED;
}
if (state == TRIPPED && !tripOn() && ackPressed()) state = STOPPED;
```

यात `auxLostAt` म्हणजे कॉन्टॅक्ट शेवटचा जुळलेला दिसला ती वेळ. ट्रिप दिसला नाही, तर कुणीतरी लाल बटण दाबलं किंवा सप्लाय क्षणभर बसला. 24 व्होल्टचा पुरवठा असा झोका सहज काढतो, कॉन्टॅक्टर काढत नाही, त्यामुळे कंट्रोलर जागा असतो आणि मोटर बंद. तेव्हा प्रोग्रामने आपणहून स्टार्ट देऊ नये. मी हे वाक्य जपून बोलतोय, कारण मोटर बंद दिसली की पल्स द्या अशी ओळ लिहिण्याचा मोह फार होतो, आणि ती ओळ लिहिली की लॅच लोखंडात ठेवून काही फायदा उरत नाही. माझी जळलेली मोटर पुन्हा जळेल, या वेळी सॉफ्टवेअरच्या हाताने.

शेवटच्या ओळीतला `ackPressed` त्यासाठीच आहे. रिले ऑटो रिसेटवर असेल तर पट्ट्या निवल्यावर 97-98 आपोआप उघडेल, पण `TRIPPED` स्थिती तशीच राहील, कुणीतरी येऊन पोचपावती देईपर्यंत. कंट्रोलरच रीस्टार्ट झाला तर ही आठवण जाते. ती टिकवायची असेल तर ट्रिप झाल्याक्षणी EEPROM मध्ये एक बाइट लिहा. माझा आग्रह मात्र मॅन्युअल रिसेटचाच आहे: माणूस पॅनेलपाशी आला की त्याने मोटरला हात लावून बघावं, तिन्ही फेज तपासावेत. एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजमधला करंट भारावर चालत असताना सुमारे पावणेदोनपट होतो, आणि पहिल्या नजरेला तो साधाच ओव्हरलोड वाटतो.

ट्रिप किती लवकर यावा, याचा अंदाज हवा. क्लास 10 चा थंड रिले सेटिंगच्या 7.2 पट करंटला चार ते दहा सेकंदांत सुटतो. गरम रिलेला दीडपट करंट असेल तर चार मिनिटांच्या आत. माझी मोटर दीडपटीच्या आसपासच होती. त्यामुळे ट्रिपच्या नोंदीबरोबर सुरू झाल्यापासूनचा वेळ लिहून ठेवा: पाच सेकंदांत ट्रिप म्हणजे रोटर अडकलाय, तीन मिनिटांनी म्हणजे भार वाढलाय किंवा फेज गेलाय, तासाभराने म्हणजे सेटिंग बघा.

आणि एक स्थिती उरते: स्टॉप दिला, पण सहायक कॉन्टॅक्ट सुटतच नाही. मुख्य कॉन्टॅक्ट चिकटले असतील. यासाठी खरं तर 21-22 हा एरवी जुळलेला कॉन्टॅक्ट बघावा, आणि कॉन्टॅक्टरच्या पत्रकात त्याला मिरर कॉन्टॅक्ट म्हटलं असेल तरच त्यावर विसंबावं. मुख्य कॉन्टॅक्ट चिकटलेला असताना तो जुळत नाही. मग कंट्रोलरकडे करण्यासारखं काही नसतं. कॉइल त्याने कधीच सोडलेली असते. भोंगा वाजवायचा, आणि वरचा ब्रेकर माणसाने हाताने पाडायचा.