तोंडी आदेश आणि मंत्र्यांची जबाबदारी

नमस्कार. ‘मी असे सांगितलेच नव्हते’ असे मंत्री म्हणतात आणि ‘विचारूनच केले’ असे सचिव म्हणतात, तेव्हा उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न आपल्याकडे 1958 साली मुंबईत जाहीर सुनावणीत तपासला गेला.

जून 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, आणि तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. त्याच वर्षअखेरीस फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण लावून धरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमण्यात आला. महामंडळाला ही खरेदी करायला सांगणारे अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे होते की अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी बोलणे झाले होते, तर मंत्र्यांनी आपली संमती असल्याचे नाकारले. संमतीचा लेखी पुरावा नव्हता, त्यामुळे सारा वाद शब्दाविरुद्ध शब्द असा उरला. छागलांनी निष्कर्ष काढला की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांचीच आहे आणि त्यांना ती झटकता येणार नाही. फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

मला या प्रकरणात राजीनाम्यापेक्षा न लिहिलेला तो कागद महत्त्वाचा वाटतो. सचिवाने टिपणीत धोका मांडावा, मंत्र्यांनी हवे तर तो सल्ला नाकारून स्वतःचा शेरा लिहावा, आणि मग निर्णय कायद्यात बसत असेल तर सचिवाने तो मनापासून राबवावा, यातच अधिकाऱ्याची तटस्थता आहे. गप्प राहणे म्हणजे तटस्थता नव्हे. आदेश फोनवर आला, की ही साखळी तुटते. म्हणूनच 1968 च्या अखिल भारतीय सेवा वर्तणूक नियमांत वरिष्ठाने तोंडी आदेशाला लेखी दुजोरा द्यावा आणि कनिष्ठाने तो मागावा, अशी तरतूद आहे. आणि 31 ऑक्टोबर 2013 रोजी माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी सूचनांची नोंद करण्यावर भर दिला.

पण लेखी दुजोरा मागणाऱ्याची उद्या बदली झाली तर? राजकीय नियंत्रणाचे खरे हत्यार बदली हेच आहे. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवला, मात्र कलम 4(5) अन्वये विशेष प्रकरणी, कारणे लेखी नोंदवून आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन, मुदतपूर्व बदली करता येते. व्यवहारात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच दोन शब्द लिहून वेळ मारून नेली जाते. अशा आदेशाविरुद्ध अधिकारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, जातो, तिथे मूळ फाइल मागवली जाते आणि खरे कारण तिच्यात सापडले नाही, तर बदली रद्द होऊ शकते.